नळ टपकतोय: जाळी, वायसर की कार्ट्रिज? आधी ओळखायचं कसं?

मृण्मयी_धायरी

नमस्कार मंडळी. स्वयंपाकघरातल्या सिंकचा नळ गेले दीड महिना टपकतोय. भिंतीतून निघालेला, लांब वाकड्या मानेचा आणि ती मान डावी-उजवीकडे फिरणारा नळ आहे. वरची मूठ अर्धा फेरा फिरली की पूर्ण उघडतो. सात वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला तेव्हापासूनचाच आहे.

महिन्यापूर्वी एक प्लंबर येऊन गेले. त्यांनी तोंडाची जाळी काढून दाखवली, ती क्षारांनी पांढरी झाली होती. नवी जाळी बसवली, पैसे घेतले. दोन दिवस टपकणं अगदी कमी झालं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. परत फोन केला तर म्हणाले, "आता कार्ट्रिज गेलं असेल, नाहीतर पूर्ण नळच बदला." म्हणजे पहिल्यांदा जाळीच खराब होती की उगाच बदलली, तेही कळेना.

काल नळाखाली मोजायचा पेला ठेवून बघितला. पाव लिटर भरायला बरोबर पंचवीस मिनिटं लागली. म्हणजे तासाला सहाशे मिली, दिवसाला चौदा लिटरच्या वर. आमच्याकडे उन्हाळ्यात सोसायटी टँकर घेते, त्यामुळे हे पाणी वाहून जाताना बघवत नाही.

मला नवा नळ घ्यायला हरकत नाही, पण आधी नेमकं काय बिघडलंय ते समजून घ्यायचंय. घरी बसून ओळखता येतं का?

---

केदार_जो

ताई, जाळीच असणार. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, दर तीन महिन्यांनी हाच त्रास. जाळी काढायची, वाटीत व्हिनेगर घेऊन रात्रभर बुडवून ठेवायची, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायची. नळ नव्यासारखा होतो. प्लंबरने स्वस्तातली जाळी बसवली असेल, म्हणून पुन्हा सुरू झालं.

---

सुलभा_कुलकर्णी

माझाही हाच प्रश्न आहे म्हणून इथेच लिहिते. आमच्याकडे बाथरूममध्ये रोज सकाळी टपकतं. गीझरच्या खालून एक छोटी नळी बाहेर आलीय, तिच्यातून थेंब पडतात. गीझर बंद केला की अर्ध्या तासाने थांबतं. वायसर बदलावा लागेल का? यांना सांगितलं तर म्हणतात बूच मारून टाकू.

---

दत्तूमामा_इचलकरंजी

सुलभाताई, आधी तुमचं, कारण ते महत्त्वाचं आहे. त्या नळीला बूच अजिबात मारू नका. तो नळ नाही, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. पाणी तापलं की फुगतं. पंधरा लिटरचा गीझर पंचवीसवरून साठ अंशांवर गेला की साधारण एक पेलाभर पाणी जास्तीचं होतं. त्याला मागे टाकीकडे जाता येत नाही, म्हणून ते त्या नळीतून थेंबथेंब बाहेर पडतं. तापताना टपकणं म्हणजे व्हॉल्व्ह काम करतोय. गीझर रात्रभर बंद असतानाही टपकत असेल, तरच व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. तसं असेल तर कंपनीच्या माणसाला बोलवा.

आता मृण्मयीताई. तुम्ही पेला ठेवून मोजलंत, निम्मं निदान तिथेच झालंय.

केदारराव, तुमचं व्हिनेगर बरोबर आहे, पण ते वेगळ्या रोगाचं औषध आहे. जाळी पाणी अडवत नाही. नळ बंद केल्यावर दाब धरून ठेवणारी जागा आत, मुठीखाली असते. जाळीच्या बाजूला दाबच नसतो. जाळी चोंदली तर धार बारीक होते, तिरकी उडते, दोन फाटे फुटतात. पण बंद नळातून दिवसभर पाणी येत असेल, तर ते आतल्या अडवणुकीतूनच निसटलेलं असतं.

तरीही जाळीचा आणि टपकण्याचा एक संबंध आहे, आणि बहुतेक लोक तिथेच फसतात. ताईंच्या नळाची मान लांब आहे. नळ बंद केला तरी त्या मानेत पाणी उरतं. जाळीच्या बारीक भोकांवर पाण्याचा पडदा धरतो आणि ते लटकून राहतं. मान हलली किंवा हवा आत शिरली की सुटतं. हे टपकणं पाच-दहा मिनिटांत आपोआप संपतं, कारण मानेत पाणी असतं तेवढंच. तुमचा पेला मात्र पंचवीस मिनिटं सारखा भरत राहिला. पाव लिटर पाणी त्या मानेत मावतच नाही.

तरी खात्री करा. रात्री भांडी आवरली की नळ बंद करा, मान एकदा हलवून उरलेलं पाणी काढून टाका, वीस मिनिटं थांबा. तोंड फडक्याने कोरडं करा आणि खाली कोरडी वाटी ठेवा. सकाळी वाटी कोरडी असली तर आत बिघाड नाही. भरली असली तर आत आहे. मग जाळी पूर्ण काढून ठेवून हाच प्रयोग दुसऱ्या रात्री करा. दोन्ही रात्री वाटी सारखीच भरली, तर जाळी या प्रकरणातून सुटली.

---

केदार_जो

मामा, मग आमचं टपकणं जाळी साफ केल्यावर थांबतं ते कसं? मी स्वतः बघितलंय.

---

दत्तूमामा_इचलकरंजी

थांबत असणार. तुमचं टपकणं बहुधा ते उरलेल्या पाण्याचंच असेल. क्षार चढलेल्या जाळीतून मान झटकन रिकामी होत नाही, म्हणून ती पंधरा-वीस मिनिटं झिरपत राहते. स्वच्छ जाळीतून पाणी एकदम सुटतं आणि गप्प होतं. तुम्हीही एकदा वाटी ठेवून बघा.

आणि व्हिनेगर रात्रभर नको. अर्धा-पाऊण तास पुरतो. जाळीचा आतला प्लॅस्टिकचा भाग काढून तेवढाच बुडवा. बाहेरच्या चकचकीत कडीला जास्त वेळ लागलं की तिचा मुलामा काळवंडतो.

---

राजापूरकर_अनंत

मामा, आमच्या गावच्या घरी जुने पितळी नळ आहेत, चार-पाच फेरे फिरवायचे. विहिरीचं पाणी, वर सिमेंटची टाकी. मागच्या अंगणातला नळ टपकतो म्हणून मी स्वतः वायसर बदलला. पंधरा दिवस छान चालला, पुन्हा टपकायला लागला. पुन्हा बदलला, पुन्हा पंधरा दिवस. आता तिसरा वायसर आहे. रबराचा टिकत नाही म्हणून नायलॉनचा लावला, तो तर पहिल्या दिवसापासून टपकतोय. हल्लीचे वायसर खराब येतात का?

---

दत्तूमामा_इचलकरंजी

अनंतराव, वायसर बिचारा मार खातोय, दोष त्याच्या खाली आहे.

पितळी नळात पाणी वर येतं ते एका गोल भोकातून. त्या भोकाची कड म्हणजे सीट. वायसर त्या कडेवर दाबून बसतो. कड गुळगुळीत असेल तर रबराचा वायसर वर्षानुवर्षं जातो. पण नळ थोडा टपकायला लागला की आपण तो आवळतो, आणखी आवळतो. त्या बारीक फटीतून पाणी वाळूचे कण घेऊन जोरात सुटतं आणि कडेला एका जागी घळ पाडतं. मग नवा वायसर लावला तरी तो त्या घळीवर दाबला जातो. मऊ रबर घळीत शिरून काही दिवस पाणी थांबवतं, तेवढ्यात तिथेच कापलं जातं. नायलॉन कडक. तो घळीत शिरतच नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून टपकला. तुमच्या दोन वायसरांनीच निदान करून दिलंय.

बघायचं असं. टाकीचा कॉक बंद करा, नळाचं वरचं डोकं पान्याने सोडवून काढा. आत करंगळी घाला आणि त्या कडेवरून हळू गोल फिरवा. नख अडकलं की ती घळ. जुना वायसर फेकला नसेल तर तोही उलटा करून बघा. त्यावर गोल वळ उमटलेला असतो. वळ सगळीकडे सारखा असेल तर वायसर नुसता म्हातारा झालाय. एका जागी कापल्यासारखी खूण असेल तर त्या जागेसमोर सीट खराब आहे.

---

राजापूरकर_अनंत

मामा, तिन्ही वायसर डब्यात होते. तिघांवरही एकाच बाजूला काप आहे. मी आजवर त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. आता काय करू?

---

दत्तूमामा_इचलकरंजी

सीट घासायचं हत्यार मिळतं. हाताने फिरवायचा छोटा कटर असतो, नळाच्या डोक्याच्या जागी बसवून त्याची मूठ फिरवायची. अगदी हलक्या हाताने दोन-तीन फेरे, मग बोट फिरवून बघायचं. जोर लावलात तर कड तिरकी कापली जाते आणि नळ कायमचा गेला. जुन्या नळाचं पितळ जाड असतं, त्याला हे सोसतं. हल्लीच्या हलक्या नळाला मी हे करायला सांगणार नाही, तिथे नवा नळच परवडतो. घळ अर्ध्या मिलिमीटरहून खोल दिसली तर जुन्यालाही नाद सोडा.

---

स्वाती_चिंचवड

मृण्मयी, तू कितव्या मजल्यावर आहेस? आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यांवरचेच नळ जास्त टपकतात. वरच्या मजल्यावर माझी जाऊ राहते, तिच्याकडे तेच नळ, तेवढेच जुने, एकही टपकत नाही. मला वाटतं बिल्डरने खाली हलका माल लावला.

---

मृण्मयी_धायरी

मी दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग सात मजली. टाकी गच्चीवर.

मामा, दोन्ही रात्री वाटी ठेवली. सकाळी दोन्ही वेळा वाटी भरून सिंकमध्ये सांडलेली. जाळी असताना आणि नसताना काहीच फरक नाही. जाळी नसताना थेंब जरा मोठे वाटले, एवढंच. आणखी एक गोष्ट लक्षात आली. मूठ बंद करून थोडी उजवीकडे दाबून धरली की थेंब जवळजवळ थांबतो, सोडली की पुन्हा सुरू.

---

दत्तूमामा_इचलकरंजी

जाळी सुटली. आणि मूठ दाबल्यावर थांबतंय ही फार कामाची खूण दिलीत.

स्वातीताईंचं निरीक्षण खरं आहे, कारण मात्र वेगळं आहे. टाकीपासून दर दहा मीटर खाली उतरलं की साधारण एक किलोचा दाब वाढतो. सातव्या मजल्यावर अर्धा-पाऊण किलो असेल तर दुसऱ्यावर दोनच्या आसपास. तेवढीच झिजलेली वस्तू वर पाणी धरते, खाली सोडते. रात्री कुणी नळ चालवत नाही, त्यामुळे दाब पूर्ण मिळतो आणि टपकणं वाढतं. माल तोच असू शकतो.

आता तुमच्या नळाच्या पोटात काय आहे ते सांगतो. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वायसर नसतो. सिरॅमिकच्या दोन पातळ चकत्या एकमेकींवर घट्ट बसलेल्या असतात. खालची जागेवर स्थिर, वरची मुठीबरोबर फिरते. भोकं समोरासमोर आली की पाणी येतं, सरकली की बंद. बाजारात कुणी याला कार्ट्रिज म्हणतं, कुणी स्पिंडल, कुणी नुसतं फिटिंग.

लोक समजतात की कार्ट्रिज गेलं म्हणजे चकत्या गेल्या. माझ्या हाताखालून गेलेल्यांत बऱ्याचदा चकत्या शाबूत असतात. बिघडतं ते सगळ्यात तळाचं रबराचं कडं. ते दोन कामं करतं. नळाच्या अंगात जिथे कार्ट्रिज टेकतं तिथली फट बुजवतं, आणि चकत्यांना खालून वर रेटून एकमेकींवर दाबून ठेवतं. सात वर्षांत ते चपटं होतं, कडक होतं. मग बाजूनेही पाणी सुटतं आणि चकत्याही सैल बसतात. मूठ दाबल्यावर चकत्या क्षणभर नीट बसतात, म्हणून तुमचा थेंब थांबला. हा माझा अंदाज. चकत्यांमध्ये वाळूचा कण असला तरी असंच होऊ शकतं. उघडल्यावरच कळेल.

प्लंबर येऊन गेल्यावर दोन दिवस बरं का वाटलं, तेही यातूनच समजतं. त्यांनी मूठ दहा वेळा उघडबंद केली असेल, तेवढ्यात एखादा कण सरकला असेल.

---

मृण्मयी_धायरी

होय, ते बराच वेळ मूठ फिरवत होते. आणि आता आठवतंय, हे टपकणं सुरू झालं त्याच आठवड्यात सोसायटीची टाकी धुतली होती. दोन दिवस लालसर गढूळ पाणी येत होतं.

मी स्वतः उघडू शकते का? घरात अॅडजस्टेबल पाना आहे, पक्कड आहे, पेचकस आहे.

---

दत्तूमामा_इचलकरंजी

उघडू शकता. पण एक गोष्ट चुकली तर घरात पाणीच पाणी होईल, म्हणून ती आधी.

भिंतीतल्या सिंकच्या नळाला बहुतेक वेळा स्वतःचा वेगळा कॉक नसतो. स्वयंपाकघराचा मुख्य व्हॉल्व्ह माळ्यावर किंवा बाहेर डक्टमध्ये असेल. तो बंद करा, मग सिंकचा नळ पूर्ण उघडा आणि पाच मिनिटं बघत राहा. धार थांबून कोरडं व्हायला हवं. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह फिरतो, पण पूर्ण बंद होत नाही. बारीक धार येतच राहिली तर कार्ट्रिज सोडवू नका. गच्चीवरचा तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह सोसायटीकडून बंद करून घ्या. शेजाऱ्यांना सांगून, सकाळची वेळ टाळून.

कोरडं झालं की सिंकच्या भोकावर फडकं टाका, नाहीतर स्क्रू थेट पाइपात जातो. मुठीवरची छोटी रंगीत टोपी नखाने किंवा सुरीच्या टोकाने उचला. खाली स्क्रू आहे, तो काढा. मूठ सरळ वर ओढा. क्षारांनी धरली असेल तर डावी-उजवीकडे हलवत ओढा, पेचकस घालून उचकू नका. खाली गोल झाकण असेल तर ते हाताने फिरवून निघतं. मग कार्ट्रिजचं षटकोनी पितळी अंग दिसेल. त्याला पाना लावून डावीकडे फिरवा. नळाचं अंग दुसऱ्या हाताने घट्ट धरा, नाहीतर पूर्ण नळ भिंतीत फिरेल आणि आतल्या सांध्याचं टेफ्लॉन सुटेल. मग एखादे वेळी भिंतही फोडावी लागते.

निघाल्यावर लगेच दुकानात पळू नका. तळाचं कडं, चकत्या आणि नळाच्या अंगातली ती टेकायची जागा, तिन्ही बघा आणि इथे सांगा.

---

केदार_जो

आणि चकत्यांना थोडं खोबरेल तेल लावा, मूठ मऊ फिरते. मी लावतो.

---

दत्तूमामा_इचलकरंजी

केदारराव, चकत्यांना चालून जाईल, पण ते तेल खालच्या रबरापर्यंत पोचतं. नळातलं रबर तेल, व्हॅसलीन, साधं ग्रीस यांनी बऱ्याचदा फुगतं आणि मऊ पडतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही मुगाएवढं.

---

मृण्मयी_धायरी

झालं! शनिवारी दुपारी केलं. सविस्तर लिहिते, कारण मला वाचून जे कळलं नव्हतं ते हातात घेतल्यावर कळलं.

माळ्यावरचा व्हॉल्व्ह बंद केला, तरी नळातून शेवयांएवढी धार येत राहिली. मामांनी सांगितलं नसतं तर मी तेवढ्यावरच काम सुरू केलं असतं. वॉचमनना सांगून गच्चीवरचा बंद करून घेतला, मग दहा मिनिटांत कोरडं झालं.

मूठ क्षारांनी इतकी धरली होती की वीस मिनिटं त्यातच गेली. शेवटी गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं आणि सैल झाली. कार्ट्रिज मात्र पहिल्याच झटक्यात सुटलं. अहोंनी नळाचं अंग धरून ठेवलं होतं.

तळाचं काळं कडं एका बाजूला अगदी चपटं आहे, पितळी अंगाच्या पातळीत आलंय, दुसऱ्या बाजूला थोडं वर. नख दाबलं तर दबत नाही. चकत्या दोन, एक पांढरी आणि एक फिकट राखाडी. ओल्या होत्या तेव्हा एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की ओढून निघेनात, सरकवूनच काढाव्या लागल्या. कोरड्या करून खिडकीपाशी तिरक्या धरल्या तर पांढरी आरशासारखी लख्ख. राखाडीवर काठापासून भोकापर्यंत एक केसाएवढी रेघ दिसते. नख फिरवलं तर जेमतेम जाणवते. आणि नळाच्या अंगात खाली चिमूटभर लालसर वाळू होती.

आता कडंच बदलू की पूर्ण कार्ट्रिज?

---

दत्तूमामा_इचलकरंजी

फार नीट बघितलंत ताई.

ओल्या चकत्या चिकटून बसल्या म्हणजे त्यांचे पृष्ठभाग अजून सपाट आहेत. नुसत्या कड्याचा दोष असता तर मी म्हटलं असतं की नवं कडं शोधा. पण ती रेघ काठापासून भोकापर्यंत गेलीय, म्हणजे पाण्याला आरपार वाट मिळाली. रेघ मधेच संपली असती तर तिचा त्रास झाला नसता. कडं बदलून बरंच कमी होईल, पूर्ण थांबेलच असं नाही. पूर्ण कार्ट्रिज घ्या.

जुनं हातात घेऊन दुकानात जा, नुसतं "अर्धा इंची द्या" म्हणू नका. चार गोष्टी जुळवून बघा. एकूण उंची, आट्यांची जाडी, मूठ बसते त्या दांडीवरचे दाते मोजून, आणि बंद करताना कुठल्या दिशेला फिरतं ते. गरम आणि गार बाजूची कार्ट्रिजं उलट फिरणारी येतात. दाते एकाने कमी-जास्त असले तर तुमची मूठ बसणार नाही.

बसवण्याआधी ती वाळू काढा. फडक्याने टेकायची जागा पुसा. मग वॉचमनना वरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडायला सांगा, कार्ट्रिजच्या जागेवर उलटी वाटी धरा आणि पाणी उसळू द्या, म्हणजे पाइपातली वाळू बाहेर येईल. हे केलं नाही तर नव्या चकत्यांवर पहिल्याच दिवशी तशीच रेघ पडेल. आवळताना हाताने बसेल तितकं, मग पान्याने पाव फेरा. जास्त आवळलं तर नवं कडं आजच चपटं होईल.

---

विनीत_नागपूर

मामा, वॉश बेसिनच्या एका दांडीच्या नळालाही हेच लागू का? वर उचलला की उघडतो तो.

---

दत्तूमामा_इचलकरंजी

तत्त्व तेच, चकत्याच असतात. पण त्याचं कार्ट्रिज जाड, प्लॅस्टिकच्या डबीसारखं असतं, बहुतेक ३५ किंवा ४० मिलिमीटर व्यासाचं. मोजूनच घ्या. तळाला दोन-तीन रबरी कडी आणि दोन खुंट्या असतात. खुंट्या नळातल्या भोकांत नीट बसल्याशिवाय वरचा नट आवळू नका. दांडी काढायच्या स्क्रूला बहुतेक एलन की लागते. त्याला बेसिनखाली दोन अँगल कॉक असतात. एकेक बंद करून बघा, गरम बाजूने येतंय की गार, तेही कळेल.

---

मृण्मयी_धायरी

दुसऱ्या दुकानात मिळालं, अडीचशे रुपये. पहिल्या दुकानातलं उंचीला दोन मिलिमीटर कमी होतं. दुकानदार म्हणाले "बसतंय की", पण मी मामांचं ऐकून परत ठेवलं.

पाणी उसळून दिलं तेव्हा वाटीत पुन्हा वाळूचे कण आले, ते बघून दोनदा केलं. काल रात्री वीस मिनिटं थांबून वाटी ठेवली. सकाळी वाटी आतून कोरडी ठणठणीत! सासूबाईंनी मुद्दाम बोट फिरवून बघितलं.

एकच शंका. मूठ पूर्वीपेक्षा जड फिरते. चुकलं का काही?

---

दत्तूमामा_इचलकरंजी

नवं कडं चकत्यांना पूर्ण जोराने दाबतंय, म्हणून जड. महिन्याभरात थोडं हलकं होईल. उलट कचकच आवाज आला किंवा फिरताना खरखर जाणवली तर वाळू राहिलीय, पुन्हा उघडून धुवा. सोसायटी पुढच्या वेळी टाकी धुवेल तेव्हा पहिलं गढूळ पाणी सिंकमधून सोडू नका. बाथरूममधला बादलीचा नळ असेल त्यातून जाऊ द्या.

---

केदार_जो

मी दोन रात्री वाटी ठेवली. बोटभर पाणी साठलं. म्हणजे माझ्याकडे दोन्ही आहे, जाळीही आणि आतलंही. तरी माझं मत आहे की घराच्या मुख्य लाइनवर गाळणी बसवली तर हे सगळं उद्भवणारच नाही.

---

दत्तूमामा_इचलकरंजी

गाळणी वाळू अडवते, क्षार अडवत नाही, ते पाण्यात विरघळलेले असतात. आणि वेळेवर धुतली नाही तर वरच्या मजल्यावर गीझरला पाणी पोचत नाही. ज्यांच्याकडे दाब चांगला आहे त्यांनी जरूर बसवावी. तुम्ही कितव्यावर?

---

केदार_जो

सातव्यावर, वर टाकीच. मग विचार करावा लागेल.

---

राजापूरकर_अनंत

मामा, रत्नागिरीहून कटर आणला. हलक्या हाताने तीन फेरे दिले, करंगळीला आता काही अडकत नाही. नवा रबरी वायसर लावला. धार थांबली, पण मिनिटाला एखादा थेंब येतोच. आणि मूठ फिरवताना दांडीच्या मुळाशीही ओल दिसते, ती आधी नव्हती.

---

दत्तूमामा_इचलकरंजी

दांडीची ओल वेगळी आहे, तिचा सीटशी संबंध नाही. दांडीतून पाणी येऊ नये म्हणून तिच्याभोवती नटाखाली दोरा गुंडाळलेला असतो, उघडबंद करताना तो सैल झाला. नट सोडवून मेण लावलेला सुती दोरा दांडीभोवती उजवीकडे चार-पाच वेढे द्या आणि नट हाताला जड लागेल इतपतच आवळा.

थेंबाचं मात्र इथून सांगता येत नाही. कड तिरकी कापली गेली असेल, किंवा वायसर बसतो ती पितळी चकती वाकडी असेल. वायसर काढून त्यावरचा वळ बघा. अर्धा खोल आणि अर्धा पुसट असेल तर कड तिरकी. वळ सारखा असेल तर कटरचं काम नीट झालंय आणि दोष दुसरीकडे आहे.

---

राजापूरकर_अनंत

आता नुकताच लावलाय, वळ उमटायला चार दिवस जाऊ देतो. रविवारी टाकीचा कॉक बंद करून काढतो आणि फोटो टाकतो.